वहिनीच्या पेन्शनबद्दल

चि. मेघना,

दादा-वहिनींना पेन्शन योजनेचं कसं पटवायचं, असं तू विचारलंस. म्हातारपणाची भीती घालू नकोस. दुकान आहे तोवर आपलं भागेल, असंच प्रत्येक दुकानदार धरून चालतो. मी बँकेत असताना एका किराणा दुकानदाराची मुलगी आमच्याकडे यायची, तिने काय केलं ते सांगते.

तिने आधी वयं पाहिली. अटल पेन्शन योजनेत चाळिशी पूर्ण व्हायच्या आत नाव घालावं लागतं. वडील पंचेचाळिशीचे, म्हणजे ते बाद. आई एकोणचाळीस. तिने आईचंच नाव धरलं. वडील म्हणाले, “तेवढे पैसे मालात घातले तर दिवाळीला वाढून येतील.” पोरीने वाद न घालता उधारीची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि दोन-दोन वर्षं थकलेली नावं त्यांनाच वाचायला लावली. वडील गप्प झाले.

मग हिशेब. साठीनंतर महिना 3000 रुपये हवे असतील तर एकोणचाळिसाव्या वर्षी हप्ता 792 रुपये, म्हणजे गल्ल्यातून रोजचे सव्वीस-सत्तावीस. एकवीस वर्षांत साधारण दोन लाख भरले जातात. आईच्या मागे वडील असले तर तेवढीच पेन्शन त्यांना तहहयात, आणि दोघांच्या पश्चात वारसाला सुमारे 5 लाख 10 हजार. “माझ्या नावावर कशाला?” म्हणणाऱ्या आईलाही हे ऐकून धीर आला.

तू मात्र उणी बाजूही सांग. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. एकवीस वर्षांनी तीन हजारांत किती किराणा येईल, ते दादाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. मध्येच सोडलं तर भरलेले पैसे आणि त्यावरचं उत्पन्न, तेही खर्च वजा करून, एवढंच परत मिळतं. वहिनीला आजवर कधी आयकर भरावा लागला असेल, तर या योजनेत येताच येणार नाही. दादासाठी एनपीएस आहे, पण तिथे ठरलेल्या रकमेची हमी नाही.

हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. दुकानाचे पैसे फिरतात ते खातं त्यासाठी देऊ नका. घाऊक व्यापाऱ्याचा चेक वटला की शिल्लक संपते, हप्ता चुकतो आणि वर दंड बसतो. त्या मुलीने आईचं वेगळं बचत खातं धरलं आणि दर आठवडी बाजाराच्या संध्याकाळी त्यात दोनशे रुपये टाकायची सवय लावली. तीन महिन्यांचा हप्ता एकदम भरायचीही सोय आहे.

वहिनीचा चाळिसावा वाढदिवस मार्चमध्ये आहे. आधारवरची जन्मतारीख आजच तपासून घे, चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करा, आणि फेब्रुवारी संपायच्या आत तिला बँकेत घेऊन जा.

तुझी,
आत्या