‘सर्व पालकांच्या वतीने’ लिहिण्याआधी

वर्गाच्या वतीने गुरुजींना किंवा बाईंना आभाराचं पत्र लिहिणाऱ्या पालकाला माझं एकच सांगणं आहे: ‘सर्व पालकांच्या वतीने’ हे शब्द पत्राच्या शेवटी येत असले, तरी तयारी तिथूनच सुरू करा. शहापूर-मुरबाड पट्ट्यात, सापगावच्या आसपास, हे शब्द सहज खोटे ठरू शकतात. निकालाच्या सुमारास, एप्रिलअखेर पत्र लिहायचं, मजकूर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा आणि कोणी काही बोललं नाही म्हणजे होकार धरायचा, ही सोपी वाट आहे. पण इथली बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. निकालाच्या दिवसांत त्यांच्या घरांची दारं बंद असतात आणि ग्रुपवर अनेकदा त्यांचा नंबरही नसतो. मूल शाळेतून तुटू नये म्हणून ज्या घरी शिक्षकाला सर्वांत जास्त खेटे घालावे लागतात, नेमकं तेच घर पत्रातून गळतं.

म्हणून पहिलं सत्र संपताना विचारायला निघावं, आणि प्रश्न नेमका असावा: जूनपासून मुलात काय फरक दिसला? उत्तर त्या पालकाच्याच शब्दांत वहीत उतरवावं. शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असतात, म्हणजे एकाला दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. अशा शिक्षकाला ‘आपण ज्ञानाचा दिवा लावलात’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ते कोणालाही लिहिता येतं. ‘तिसरीला गणितं देऊन तुम्ही दुसरीचं वाचन घेता, जूनमध्ये अक्षरं जुळवणारी आमची मुलं आता घरी खताच्या गोणीवरचा मजकूर वाचतात’ एवढं लिहिलं तर आपली कुठली मेहनत फळाला आली ते त्यांना समजतं. समजा पट 24 आहे आणि 20 घरांशीच बोलणं झालं, तर ‘20 पालकांच्या वतीने’ लिहावं. त्यात कमीपणा नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतातच, मग अध्यक्षांची सही का पुरू नये, असं कोणी म्हणेल. पण ती समिती साऱ्या शाळेची. एका वर्गाच्या घरांतलं तिला कसं ठाऊक असणार? वाचता न येणाऱ्यांचं काय, ही अडचण खरी आहे. त्यांना पूर्ण मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, खटकलेला शब्द बदलावा आणि मगच अंगठा घ्यावा. ‘यांची बदली करू नका’ ही ओळ जोडण्याचा मोहही होतो. ती विनंती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेगळ्या अर्जाने करावी. एकत्र केली की आभार शिफारशीसारखे वाटू लागतात. भेटवस्तूसाठी वर्गणी तर काढूच नये. ज्याला देणं जमत नाही, तो सहीलाही पुढे येत नाही.

दिवाळीची सुट्टी लागण्याआधी एका संध्याकाळी वही आणि शाईचा पॅड घेऊन वाडीवर जा, माणसं भट्टीवर निघण्याआधी.