वाचकांचे प्रश्न : चार तक्रारी, एक बिघाड

प्रश्न : मी घरी बसून भाषांतराची व मुद्रितशोधनाची कामे करते. घरी ऑप्टिकल फायबरचे इंटरनेट आहे. मासिक बिल कर धरून ९४४ रुपये येते. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून जोडणी वारंवार तुटते आणि यंत्रावरचा ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकू लागतो. ९ जून २०२५ रोजी तक्रार नोंदविली, ती ११ तारखेला ‘निराकरण झाले’ म्हणून बंद झाली. १६ जूनची दुसरी १७ला बंद झाली. २३ जूनची तिसरी २५ला ‘ग्राहक घरी नाही’ असा शेरा मारून बंद केली. वस्तुतः मी दिवसभर घरीच होते. ३० जूनची चौथी अद्याप प्रलंबित आहे. दर वेळी नवा तिकीट नंबर, नवा माणूस, आणि हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगायची. आता व्यवस्थापकांना पत्र लिहावे म्हणते. ते कसे लिहावे, आणि त्यात मुदत घालण्याचा मला अधिकार आहे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दर वेळी मिळालेला नवा नंबर. आपल्या दृष्टीने हा एकच बिघाड आहे आणि तो ९ जूनपासून चालू आहे. परंतु कंपनीच्या दप्तरी चार निरनिराळ्या किरकोळ तक्रारी आहेत, त्यांपैकी तीन वेळेत निकालात निघालेल्या, आणि चौथी अवघ्या काही दिवसांची. प्रलंबित तक्रारींची यादी पाहणाऱ्या व्यवस्थापकास त्यात चिंतेचे कारण दिसत नाही, कारण जी तक्रार तीन आठवड्यांहून जुनी आहे ती त्या यादीत कोठेच नाही. म्हणून आपल्या पत्राचे पहिले कार्य रागाची किंवा गैरसोयीची वर्णने करणे हे नसून, ही चार तिकिटे मिळून एकच अनिर्णीत तक्रार होते, हे एका दृष्टिक्षेपात सिद्ध करणे हे आहे.

त्यासाठी तारीखवार तक्ता करावा. प्रत्येक तिकिटाचा नंबर, नोंदीची तारीख व वेळ, कारागीर आला असल्यास त्याने काय केले, तिकीट कोणत्या शेऱ्याने व केव्हा बंद झाले, एवढे लिहून शेवटच्या रकान्यात ‘बिघाड पुन्हा केव्हा उद्भवला’ हे नोंदवावे. पुष्कळ अर्जदार नेमका हाच रकाना विसरतात, आणि सारे प्रकरण उभे असते ते त्याच्यावर. कारण ११ जूनला ‘निराकरण झाले’ आणि १५ जूनला दिवा पुन्हा लाल झाला, ही दोन वाक्ये शेजारी आली की पहिल्या शेऱ्याचा फोलपणा निराळा सांगावा लागत नाही. तिसऱ्या तिकिटाबाबत वाद घालू नये. त्या दिवशी कारागिराचा फोन आला होता काय हे मोबाईलमधील नोंदीवरून पाहून, नसल्यास त्या नोंदीचे चित्र जोडावे. लाल दिव्याची छायाचित्रेही वेळेसह जोडावीत.

‘एलओएस’चा दिवा लाल होतो याचा अर्थ तारेतून येणारा प्रकाश आपल्या यंत्रास ओळखण्याइतका पोहोचत नाही. पावसाशी त्याचा संबंध दिसतो, यावरून बाहेरच्या पेटीतील एखाद्या सांध्यात पाणी शिरत असावे, किंवा खांबावरून आलेली तार कोठे तरी दुखावली असावी, असा तर्क संभवतो. कारागीर उघडिपीत दुपारी येतो, मापकयंत्र लावतो, आकडा ठीक येतो, आणि तो प्रामाणिकपणे ‘लाईन ठीक’ असे लिहून जातो. अशा मापनात आकडा साधारणतः उणे २७-२८ डीबीएमच्या पलीकडे घसरला की घरगुती यंत्र प्रकाश पकडू शकत नाही. तेव्हा केवळ ‘दुरुस्ती करावी’ अशी मागणी न करता, सांधा नव्याने जोडावा, बाहेरची पेटी तपासावी आणि प्रकाशाचे मापन कामाच्या कागदावर लिहून द्यावे, अशी नेमकी मागणी करावी.

पत्राचा मजकूर एका पानात मावावा. त्याचा गाभा असा असू शकेल :

“माझी जोडणी दि. ९ जून २०२५ पासून एकाच कारणाने वारंवार खंडित होत आहे. सोबतच्या तक्त्यातील चारही तिकिटे त्याच बिघाडाची असून पहिली तीन बिघाड कायम असताना बंद करण्यात आली आहेत. सांधा व बाहेरची पेटी तपासून कायमची दुरुस्ती करावी, मापनाची लेखी नोंद द्यावी, आणि जून महिन्यात सेवा बंद राहिलेल्या ९ दिवसांचे २८३ रुपये पुढील बिलातून वजा करावेत. हे काम बुधवार, दि. ९ जुलै २०२५ रोजी सायंकाळी ६ वाजेपर्यंत न झाल्यास मी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागेन.”

येथे ९ दिवस उदाहरणादाखल धरले आहेत. आपल्या टिपणाप्रमाणे आकडा बदलावा. ९४४ भागिले ३० गुणिले ९, हा हिशेब पत्रातच मांडला म्हणजे रक्कम मनास येईल तशी लिहिली आहे, असे कोणास म्हणता येत नाही.

आता मुदतीचा प्रश्न. मुदत घालण्यास कोणाची परवानगी लागत नाही; मात्र तिचे बळ पुढच्या पायरीवर अवलंबून असते, आणि ती पायरी खरी असली पाहिजे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या तक्रार-निवारण विनियमांत पायऱ्या दोनच आहेत : तक्रार केंद्र, आणि त्यानंतर कंपनीचेच अपील प्राधिकरण. व्यवस्थापक त्या सोपानात कोठेच नाही. त्यास लिहिणे व्यवहारतः अत्यंत उपयुक्त आहे, कारण कारागीर पाठविण्याचा अधिकार त्याच्या हाती असतो. परंतु अपिलासाठी दिलेली ३० दिवसांची मुदत त्याच्या उत्तराची वाट पाहत थांबत नाही. हे अपील विनामूल्य असते व त्याचा निकाल ३९ दिवसांत लागावा असा नियम आहे. आपली पहिली तक्रार ११ जूनला बंद झाली. कोणी काटेकोरपणे तेथूनच तीस दिवस मोजू लागला तर ते १०-११ जुलैच्या सुमारास भरतात. चौथी तक्रार खुली आहे हे खरे, तथापि पहिल्या तारखेचा हक्क विनाकारण गमावू नये. म्हणून पत्र शुक्रवार, ४ जुलैला पाठवावे. मधले शनिवार-रविवार सोडले तरी दुरुस्तीस पूर्ण तीन कामाचे दिवस मिळतात, आणि आपल्या हाती एक दिवस उरतो.

पत्र ईमेलने पाठवून एक प्रत स्थानिक कार्यालयात द्यावी व आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. लहान शहरांत सेवा बहुधा कंपनीच्या स्थानिक भागीदारामार्फत चालते. म्हणून केवळ त्याला न लिहिता कंपनीलाही त्याच ईमेलमध्ये घ्यावे. अपील प्राधिकरणाचा पत्ता कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ग्राहक-सनदेत सापडेल. मिळालेले चारही नंबर तक्रारीचेच आहेत ना, याचीही खातरजमा करावी; नियमांत तक्रार निराळी आणि प्लॅन बदलण्यासारखी सेवा-विनंती निराळी. वैयक्तिक तक्रारींचा निवाडा ट्राय स्वतः करीत नाही, तेव्हा तेथे अर्ज करण्यात वेळ दवडू नये. अपिलातही न्याय न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

दरम्यान, चौथी तक्रार बंद करण्यासाठी आपला होकार किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला गेला, तर दुरुस्तीनंतर एक चांगला पाऊस होऊन जोडणी टिकल्याचे पाहिल्यावाचून तो देऊ नका.