एका गाडीचे दोन वरिष्ठ

संघटनेचे तीन प्रकार आपण बसगाड्यांच्या उदाहरणाने पाहू.

वाहतूक, यंत्रशाळा, हिशेब अशी खाती पाडली की ती कार्यानुसार रचना. प्रत्येक खात्यात जाणकारी वाढते. परंतु वाहतूक खात्यास गाडी रस्त्यावर हवी, यंत्रशाळेस ती तपासणीसाठी हवी. हा तंटा मिटविण्यास थेट मुख्यालय गाठावे लागते.

दुसरी रचना विभागवार. २००० साली कर्नाटकाच्या परिवहन महामंडळातून ईशान्य भाग वेगळा निघून त्याचे मुख्यालय कलबुर्गीस आले. २०२१ पासून त्याच्या नावात ‘कल्याण कर्नाटक’ आले. अशाने निर्णय प्रवाशांच्या जवळ येतो. मात्र भांडार, यंत्रशाळा व कारकून जागोजागी निराळे ठेवावे लागतात.

तिसरी मॅट्रिक्स रचना. तीत एकाच माणसास दोन वरिष्ठ असतात. समजा, डेपोत ५० गाड्या आहेत. जत्रेसाठी डेपो मॅनेजर ४८ मागतो; विभागाचा यंत्र-अभियंता म्हणतो, ४ तपासणीस ठेवा. उरल्या ४६. दोन गाड्यांसाठी फोरमनने कोणाचे ऐकावे?

म्हणून अधिकार आधीच लेखी वाटून द्यावे लागतात. गाडी धोक्याची आहे की नाही, यात अभियंत्याचा शब्द शेवटचा. चांगली गाडी कोणत्या फेरीस पाठवावी, यात मॅनेजरचा. जत्रेची तिथी ठाऊक असते, तेव्हा दोघांनी मिळून तपासणी आठवडाभर आधी उरकावी. फोरमन शेवटी भेटलेल्या साहेबाचेच ऐकू लागला, तर ही वाटणी झालेली नाही असे समजावे.