नकाशातली नावं पुन्हा अरबीत नेताना

दुबई मेट्रोच्या नकाशाचं अरबी भाषांतर करायचं म्हटलं, की पुष्कळांना ते सोपं काम वाटतं. मजकूर जेमतेम पानभर, वाक्यं जवळजवळ नाहीतच, नुसती स्थानकांची नावं आणि तळाला भाड्याच्या विभागांची चौकट. देइरामध्ये भाषांतराचं काम करताना असे नकाशे माझ्याकडे बऱ्याचदा तपासायला येतात. मूळ असतं मोबाइलवर काढलेला इंग्रजी नकाशाचा फोटो, आणि भाषांतर दुसऱ्या कुणी आधीच केलेलं असतं. त्यातलंच एक पत्रक इथे सविस्तर सांगते, कारण या कामात जे जे बिघडू शकतं ते बहुतेक सगळं त्यात होतं.

पत्रक एका दवाखान्याचं होतं. बाहेरगावाहून येणाऱ्या अरबी भाषक रुग्णांनी मेट्रोने कसं यावं, हे त्यात दाखवायचं होतं. छपाईला जाण्याआधी 'शुद्धलेखन तेवढं बघा' म्हणून ते माझ्याकडे आलं. भाषांतर करणाऱ्याचं अरबी चांगलं होतं. त्याने फोटोतली रोमन नावं वाचली आणि ती कानाला जशी वाटली तशी अरबी लिपीत उतरवली. गोची तिथेच होती. दुबईतली निम्मीअधिक नावं मुळात अरबीच आहेत. रोमन लिपीत जाताना त्यांची काही अक्षरं हरवलेली असतात, आणि ती रोमनकडे बघून परत मिळत नाहीत. आपल्याकडे कुणी रोमन पाटीवरून देवनागरी पाटी करायला बसला, तर ठाण्याचं 'थाने' आणि कळव्याचं 'कलवा' होईल, तसंच हे.

अल रिग्गा हे रेड लाइनवरचं स्थानक घ्या. रोमनमध्ये दोनदा 'जी' आहे. प्रमाण अरबीत 'ग'साठी अक्षरच नाही, म्हणून लिहिणारा ग़ैन किंवा जीम वापरतो. या पत्रकात ग़ैन होतं. पण पाटीवर आहे क़ाफ, म्हणजे घशातून येणारा 'क'. आखातातल्या बोलीत क़ाफचा उच्चार बऱ्याच शब्दांत 'ग' होतो. रोमन पाटी लिहिणाऱ्याने बोलीतला उच्चार घेतला आणि अरबी पाटीवर मूळ अक्षर राहिलं. अल गरहूदचंही तसंच : ऐकू येतो 'ग', लिहिलेला असतो क़ाफ. ज्याला नुसती अरबी वाचता येते त्या माणसाच्या हातातल्या कागदावर एक नाव आणि समोरच्या पाटीवर दुसरं, अशी स्थिती होते. दोन्हींचा उच्चार सारखा लागेल असं समजू नका. सुदानी किंवा मोरोक्कन माणूस ग़ैन पाहून 'ग' म्हणत नाही.

याच्या उलट फसगत अल नहदाची. 'नहदा' म्हटलं की शिकलेल्या अरबी माणसाच्या मनात पहिल्यांदा येतो तो पुनरुत्थान या अर्थाचा शब्द, आणि त्यात जड 'द' म्हणजे दाद हे अक्षर असतं. ग्रीन लाइनवरच्या या स्थानकाचं नाव मात्र साध्या दालने लिहिलं जातं. ज्याला भाषा जास्त चांगली येते तोच इथे जास्त खात्रीने चुकतो. अल क़ुसैसमध्ये दोन्ही 'स' जड, म्हणजे साद आहेत. रोमनमध्ये साद आणि सीन यांत काहीच फरक दिसत नाही.

म्हणून अशा कामात पहिला नियम असा : ज्या शहराची वाहतूकसेवा स्वतः अरबीत नावं लिहिते, तिथलं एकही नाव रोमनवरून बनवायचं नाही. दुबईत आरटीएच्या अरबी नकाशावरून किंवा प्रत्यक्ष स्थानकाच्या द्विभाषिक पाटीवरून ते अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचं. मी आधी एक तक्ता करते. पहिल्या रकान्यात फोटोत जसं दिसतं तसं रोमन नाव, दुसऱ्यात अधिकृत अरबी, तिसऱ्यात ते कुठून घेतलं, चौथ्यात लाइन आणि विभाग. तिसरा रकाना रिकामा असेल तर ते नाव नकाशावर जात नाही. हा नियम मी घाईच्या कामातही मोडत नाही.

या तक्त्यामुळे दुसरा एक प्रश्नही आपोआप सुटतो, तो म्हणजे कुठलं नाव भाषांतरित करायचं आणि कुठलं नुसतं लिप्यंतरित. याला तर्काचा नियम नाही. बिझनेस बे स्थानक अरबीत 'अल-खलीज अत-तिजारी' होतं, म्हणजे पूर्ण भाषांतर. देइरा सिटी सेंटरमधलं 'सिटी सेंटर' मात्र अरबी अक्षरांत तसंच राहतं. युनियनचं 'अल-इत्तिहाद' होतं, क्रीकचं 'अल-खौर'. सगळ्यात जपायला हवं ते 'एमिरेट्स'ला. रेड लाइनवर एमिरेट्स, एमिरेट्स टॉवर्स आणि मॉल ऑफ द एमिरेट्स अशी तीन स्थानकं आहेत. पहिलं विमान कंपनीच्या नावाचं आहे, म्हणून अरबीत त्याच्या आधी 'तयरान' म्हणजे विमानसेवा हा शब्द येतो. दवाखान्याच्या पत्रकात तिथे नुसतं 'अल-इमारात' होतं. विमानतळाजवळचं स्थानक आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेला मॉल यांची गल्लत व्हायला एवढं पुरतं.

फोटो केव्हाचा आहे, हे नावांवरूनच ओळखता येतं. दुबईत स्थानकांची नावं प्रायोजकत्वामुळे बदलत राहतात. रशिदियाचं सेंटरपॉइंट झालं, जुमेरा लेक्स टॉवर्सचं डीएमसीसी, अल जाफिलियाचं मॅक्स. फोटोत रशिदिया दिसलं, की तो नकाशा जुना आहे आणि त्यातल्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास टाकायचा नाही. त्यात एक्स्पोकडे जाणारा फाटा बहुधा नसेलच, कारण तो जानेवारी 2021 मध्ये सुरू झाला. अशा वेळी मी ग्राहकाकडे नवा नकाशा मागते. जुनं नाव लोकांच्या तोंडी असेल तर ते नव्या नावाखाली बारीक अक्षरात देते, कारण टॅक्सीवाला अजून तेच म्हणतो.

आता भाड्याकडे येऊ. त्या पत्रकातली सगळ्यात महाग पडणारी चूक तिथेच होती. दुबईत सात भाडेविभाग आहेत. रुपेरी नोल कार्डावर एकाच विभागात प्रवास केला तर 3 दिरहॅम, शेजारच्या दोन विभागांत 5 आणि दोनपेक्षा जास्त विभाग ओलांडले तर 7.5. इंग्रजी चौकटीतल्या 'शेजारचे विभाग' याचं भाषांतर पत्रकात 'मुततालिया' असं केलं होतं, म्हणजे एकापाठोपाठ येणारे, क्रमवार. वाचायला ते चांगलं वाटतं. पण नकाशावर देइरा विभाग 5 मध्ये, बर दुबई 6 मध्ये, आणि तिथून मॉल ऑफ द एमिरेट्सच्या दिशेला लागतो तो विभाग 2. म्हणजे 6 आणि 2 हे शेजारी आहेत, क्रमवार नाहीत. 'क्रमवार' वाचणाऱ्या माणसाला 6 मधून 2 मध्ये जाताना मधले तीन विभाग ओलांडायचेत असं वाटणार. कार्ड असेल तर फाटक बरोबर तेवढेच पैसे कापतं. पण पाहुणा माणूस पुष्कळदा लाल कागदी तिकीट घेतो, आणि ते किती विभागांसाठी हवं हे घेतानाच सांगावं लागतं. इथे 'मुतजाविर', म्हणजे एकमेकांना लागून असलेले, हाच शब्द हवा.

त्या पत्रकावर मी दोन उदाहरणं घालायला लावली. युनियन ते बरजुमान : विभाग 5 आणि 6, दोन लागून असलेले, 5 दिरहॅम. युनियन ते मॉल ऑफ द एमिरेट्स : 5, 6 आणि 2, म्हणजे तीन विभाग, 7.5 दिरहॅम. स्थानकं किती लागली याचा भाड्याशी संबंध नाही, हे वेगळं समजावून सांगण्याची मग गरज राहत नाही.

विभागांची सीमा फोटोवरून ठरवू नये. नकाशावर विभाग फिकट रंगांनी दाखवलेले असतात आणि स्थानकातल्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत शेजारचे दोन रंग एकसारखे दिसतात. फोटो तिरका असेल तर सीमारेषा कुठल्या ठिपक्याच्या अलीकडे आहे आणि कुठल्या पलीकडे, तेही कळत नाही. शंका आली, की आरटीएच्या सहेल अ‍ॅपमध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंची स्थानकं घालून भाडं पाहावं. 3 दिसलं तर दोन्ही एकाच विभागात, 5 दिसलं तर मध्ये सीमा आहे.

नावं आणि भाडं बरोबर असूनही मांडणीत सगळं फिरू शकतं. अरबी उजवीकडून डावीकडे जाते म्हणून काही डिझायनर अख्खा नकाशाच आरशात उलटवतात. तसं करू नये. समुद्र जिथे आहे तिथेच राहतो. उलटवायच्या त्या भाड्याच्या तक्त्याचे रकाने आणि खुणांच्या सूचीची मांडणी. तिरक्या नावांचीही काळजी घ्यावी लागते. इंग्रजी नाव ठिपक्यापासून सुरू होऊन उजवीकडे वर जातं. त्याच जागी अरबी बसवलं तर नावाचा शेवट ठिपक्याशी येतो आणि सुरुवात शेजारच्या नावाजवळ. गर्दीच्या ठिकाणी नाव कुणाचं तेच समजत नाही. त्यापेक्षा ते ठिपक्याच्या डाव्या बाजूला घ्यावं, म्हणजे ते ठिपक्यापासूनच सुरू होतं.

बाणांचा प्रकार आणखी फसवा आहे. पत्रकात मूळ ओळ 'अल रिग्गा → मॉल ऑफ द एमिरेट्स' अशी होती. अरबी ओळीत नावांची जागा आपोआप बदलली, अल रिग्गा उजवीकडे आलं आणि मॉल डावीकडे. बाण हे चिन्ह मात्र दिशा बदलत नाही. तो उजवीकडेच, म्हणजे अल रिग्गाकडे रोखलेला राहिला. रुग्णाला वाचता येत होतं ते बरोबर उलट. म्हणून मी ओळीत बाण ठेवतच नाही. 'मिन' आणि 'इला', म्हणजे 'पासून' आणि 'पर्यंत', हे शब्द लिहिते. आकड्यांचे पल्लेही तसेच, कारण '2-5' हे अरबी अक्षरांमागे आलं की पडद्यावर '5-2' होऊ शकतं.

छपाईआधी मूळ फाइल पाहून भागत नाही, छापखान्याने पाठवलेली पीडीएफ पाहावी लागते. अरबी नीट न हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेलेल्या मजकुरात अक्षरं एकमेकांना जोडलेली राहत नाहीत, सुटी सुटी उभी राहतात, आणि अरबी न येणाऱ्यालाही ते ओळखता येतं. त्यानंतर ज्याला इंग्रजी वाचता येत नाही अशा अरबी भाषक माणसाच्या हातात कागद द्यायचा. अल रिग्गाहून अमुक स्थानकाला जायचं आहे, तिकीट किती विभागांचं घ्याल, गाडी कुठे बदलाल, एवढं विचारायचं आणि त्याचं बोट कुठे अडतं ते पाहायचं. त्या दवाखान्याच्या पत्रकावर ते अडलं युनियनला. तिथे रेड आणि ग्रीन लाइन मिळतात, पण अरबी नाव दोन्ही रंगांच्या ठिपक्यांपासून इतकं लांब सरकलं होतं, की ते शेजारच्या स्थानकाचं वाटत होतं. नाव जवळ घेतलं आणि तळाला 'भाडं अमुक तारखेला तपासलं' अशी ओळ घातली, मगच पत्रक छापायला गेलं.