दहा वर्षांनंतरचा मंगळवार

प्रश्न : वय ४२, कारखान्यात खरेदी विभागाची व्यवस्थापक. दहा वर्षांनंतरच्या स्वतःला पत्र लिहिलं, पण ते बायोडेटासारखं वाटतं. काय चुकलं?

उत्तर : पत्रात ‘उपाध्यक्ष’ हे पद तीनदा येतं, त्या पदावरच्या बाईंचा दिवस एकदाही येत नाही. त्या घरातून किती वाजता निघतात? रात्री कुणाचा फोन उचलतात? वाचक भगिनींनी एका साध्या मंगळवारापासून पुन्हा लिहावं. पुरवठादारांच्या शॉप फ्लोअरवर फिरायला आवडतं, असं त्याच पत्राच्या कोपऱ्यात आहे. उपाध्यक्षांचा दिवस बहुधा बैठकांत जातो. हवं असलेलं पद आणि आवडतं काम यांची गाठ इथेच सुटते.

मात्र आवडीनिवडी पेन्सिलीनेच लिहाव्यात. मानसशास्त्रज्ञ क्वाइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन यांनी २०१३ साली १९ हजारांहून अधिक लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, हे लोकांना मान्य होतं. पुढच्या दहांत फारसं बदलणार नाही, असं मात्र सगळ्याच वयाचे धरून चालले होते.

पत्र झालं की ५२ वर्षांच्या बाईंचं उलटटपाली उत्तरही वाचक भगिनींनीच लिहावं, शक्यतो त्याच आठवड्यात.