‘आम्ही’ कुठे ठेवावा?

प्रश्न : मंठाळहून सोलापूरच्या खानावळींना तूरडाळीच्या विक्रीसाठी ईमेल पाठवतो. उत्तर येत नाही. पत्रात ‘आम्ही’ फार झालंय का?

उत्तर : हो, पण नुसते ‘आम्ही’ मोजू नका. मराठीत तो क्रियापदात लपतो : ‘पिकवतो, भरडतो, पाठवतो’. म्हणून प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधा. ‘आम्ही दर्जेदार डाळ पुरवतो’ऐवजी अशी सुरुवात करा : ‘ऐन गर्दीत डाळ एकसारखी शिजली नाही, तर वरण खोळंबतं. तुमच्याकडे असं होतं का?’ हे प्रश्न म्हणूनच विचारा. ‘तुमची डाळ कच्ची राहते’ हा आरोप वाटतो.

जबाबदारीच्या जागी मात्र ‘आम्ही’ हवाच : ‘एक किलो नमुना आम्ही स्वखर्चानं पाठवतो.’ तिथे ‘तुम्हाला नमुना मिळेल’ लिहिलंत, तर खर्च कुणाचा हे कळत नाही.