कोवळ्या कडवळात दोन विषं असतात

तायांनो, आपल्या कळंब भागात कांदा-बटाटा निघाला की त्याच रानात गाईसाठी कडवळ टाकायची पद्धत आहे. पाऊस ओढ देतो, कडवळ गुडघ्याएवढंच राहून सुकायला लागतं, इकडे गोठ्यातला चारा संपलेला असतो. मग आपण म्हणतो, वाळून जाण्यापेक्षा कापून टाकू. नेमकं हेच कडवळ गाईला मारतं. जुनी माणसं त्याला ‘किराळ लागली’ म्हणतात.

ज्वारीच्या कोवळ्या पानात एक पदार्थ असतो. गाय पान चावते, ते पोटात भिजतं, तेव्हा त्यातून सायनाइड सुटतं. ज्वारी जितकी कोवळी तितकं ते जास्त. पाण्याचा ताण बसला किंवा युरिया जास्त पडला तर आणखी वाढतं. कापलेल्या ज्वारीचे नवे फुटवे तर सगळ्यात वाईट. दुष्काळानंतर पहिला पाऊस पडून हिरवेगार फुटवे आले की जनावर मोकळं सोडू नका.

किती चारा पुरतो ते बघा. गाईच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे 2 मिलिग्रॅम सायनाइड झटकन पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. 400 किलोच्या गाईला म्हणजे 800 मिलिग्रॅम. धोक्याच्या ओल्या कडवळात किलोला 200 मिलिग्रॅम असू शकतं. म्हणजे चार किलो चारा झाला! भुकेली गाय एवढं काही मिनिटांत खाते. हळूहळू खाल्लं तर गाईचं शरीर थोडंथोडं विष मोडून काढतं, म्हणून उपाशी जनावराला धोका जास्त. आधी कडबा किंवा वाळलं गवत द्यावं.

दुसरं विष नायट्रेटचं. पीक जमिनीतून नत्र घेतं, पण ऊन कमी, आभाळ सारखं भरलेलं, किंवा पाण्याचा ताण असला की ते नत्र वापरलं जात नाही, नायट्रेट होऊन धाटात साठतं. कांदा-बटाट्याला भरपूर खत दिलेलं असतं, त्यातलं उरलेलं पुढच्या कडवळाला मिळतं, वर आपण पुन्हा युरिया फेकतो. बाजरीत सायनाइडची भीती नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण नायट्रेट बाजरीत, मक्यातही साठतं.

आता मुख्य गोष्ट. सायनाइड पानात आणि फुटव्यात जास्त असतं, नायट्रेट धाटाच्या बुडख्यात. कडवळ कडक उन्हात चांगलं वाळवलं तर सायनाइड बरंचसं उडून जातं. अर्धवट कोमेजलेल्या चाऱ्यावर मात्र विश्वास नको. नायट्रेट वाळवून जात नाही, कडब्यातही तसंच राहतं. त्यामुळे ‘वाळवलंय, आता काही होत नाही’ हे अर्धंच खरं. नायट्रेटसाठी बुडखा वीतभर किंवा थोडा जास्त सोडून कापायचं आणि तो चारा दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडाथोडा द्यायचा. मुरघास नीट केला तर दोन्ही विषं कमी होतात, नायट्रेट मात्र पूर्ण जात नाही. आणि ताणानंतर पाऊस झाला की आठवडाभर तरी कापणी थांबवायची. ज्वारी निदान कमरेएवढी होऊ द्या, फुलोऱ्यात आल्यावर कापली तर उत्तम.

लक्षणं दोन्हींत सारखीच दिसतात: जोरजोरात श्वास, लाळ, झोकांड्या, मग खाली पडणं. फरक डोळ्याच्या आतल्या कातडीत आणि हिरड्यांत. सायनाइडमध्ये सुरुवातीला त्या लालभडक दिसतात, रक्तही चेरीसारखं लाल. नायट्रेटमध्ये त्या तपकिरी-निळसर पडतात आणि रक्त चॉकलेटी दिसतं. सायनाइडमध्ये काही मिनिटांत सगळं घडू शकतं. नायट्रेटला सहसा काही तास लागतात.

हा फरक डॉक्टरांना फोनवरच सांगा, कारण औषधं वेगळी आहेत. सायनाइडवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. तेच नायट्राइट नायट्रेटच्या गाईला दिलं तर ती आणखी बिघडते, तिला मिथिलीन ब्लू लागतं. म्हणून शेजाऱ्याकडच्या बाटलीतलं औषध टोचू नका. दवाखान्याला फोन करा, नाही लागला तर 1962 वर. तोपर्यंत चारा काढून घ्या, गाईला पळवू नका, पडलेल्या गाईच्या तोंडात गुळाचं पाणीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. उरलेला चारा थोडा बाजूला ठेवा, डॉक्टरांना दाखवायला लागतो.

गाभण गाय नायट्रेटमधून वाचली तरी तिच्याकडे पुढचे काही दिवस लक्ष असू द्या. वासराला ऑक्सिजन कमी पडलेला असतो, त्यामुळे ती नंतर गाभडू शकते.